तेरावं मूल कुठे बसणार? मोजे, जन्ममहिने आणि कबुतरखान्याचं तत्त्व

प्रश्न: मुलगी सातवीत आहे. शाळेच्या गणित मंडळात तिला प्रश्न आला: "वर्गात १३ मुलं आहेत. त्यांतल्या किमान दोघांचा जन्म एकाच महिन्यात झाला असणारच, हे सिद्ध करा." त्याआधी बाईंनी कपाटातल्या मोज्यांचं उदाहरण दिलं होतं, तेही तिला पुरतं पटलेलं नाही. ती म्हणते, "सगळ्यांचे महिने वेगवेगळे असूही शकतात ना? मग 'असणारच' कसं म्हणायचं?" तिला कसं समजवावं आणि वहीत उत्तर नेमकं कसं लिहावं?

उत्तर:

तिचं म्हणणं खोडून काढू नका. तिला तसा वर्ग बनवायला सांगा. एका कागदावर जानेवारी ते डिसेंबर असे १२ चौकोन आखा, १३ मुलांची कोणतीही नावं घ्या आणि तिला म्हणा, "एकाही चौकोनात दोन नावं येणार नाहीत अशी ही नावं वाटून दाखव." बारा नावं आरामात बसतील, आणि त्या क्षणापर्यंत तिची शंका खरीच आहे. तेरावं नाव हातात राहील. ते कुठल्याही चौकोनात टाकलं तरी तिथे आधीचं एक नाव असेल. हा प्रयत्न तिने स्वतः, दोन-तीन वेगवेगळ्या वाटण्या करून, फसू द्यावा. 'असणारच' हा शब्द कुठून येतो ते तिला तिथे दिसेल. मी स्पर्धा परीक्षांच्या गणिताची तयारी करून घेताना नेहमी या कोऱ्या चौकोनांपासूनच सुरुवात करतो. सूत्र आधी सांगितलं की मुलं सूत्र पाठ करतात आणि शंका तशीच मनात राहते.

आता मोज्यांकडे येऊ, कारण तिथे जी गल्लत होते तीच पुढे जन्ममहिन्यांच्या प्रश्नात वर येते.

समजा, खणात शाळेचे १० काळे आणि १० पांढरे मोजे सुटे पडले आहेत. सकाळी लाईट गेली आहे, रंग दिसत नाहीत. एका रंगाचे दोन मोजे हातात आले आहेत याची पक्की खात्री हवी असेल, तर न बघता कमीत कमी किती मोजे काढावे लागतील? उत्तर ३. दोन मोजे काढले तर एक काळा, एक पांढरा निघू शकतो. तिसरा काढला की तो काळा तरी असेल किंवा पांढरा तरी, आणि दोन्ही रंगांचा एकेक मोजा हातात असल्याने त्याला जोडीदार मिळणारच. पहिले दोन एकाच रंगाचे निघाले असतील तर काम तिथेच झालेलं असतं.

वर्गात हा प्रश्न विचारला की 'तीन' इतकंच 'अकरा' हे उत्तरही ऐकू येतं. ते देणारी मुलं काही वेडंवाकडं बोलत नसतात. त्यांच्या मनात असतं, "सुरुवातीचे दहाही काळे निघाले तर?" निघू देत की. दहा काळे मोजे हातात असतील तर एकाच रंगाची जोडी केव्हाच मिळाली. अकरा हे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं आहे: दोन्ही रंगांचा किमान एकेक मोजा हवा असेल तर किती काढावेत? आणि 'काळीच जोडी हवी' असं म्हटलं तर उत्तर १२ होतं, कारण दुर्दैवाने आधी दहाही पांढरे निघू शकतात आणि त्यानंतर दोन काळे घ्यावे लागतात. खण तोच, मोजे तेच, पण उत्तरं तीन: ३, ११, १२. मुलीला हे तिन्ही प्रश्न एकापाठोपाठ विचारा आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बोलून दाखवायला सांगा: "माझं काम अजून झालेलं नाही, अशा स्थितीत जास्तीत जास्त किती मोजे हातात असू शकतात?" त्या संख्येत एक मिळवला की उत्तर आलं. पहिल्या प्रश्नात ती संख्या २, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात ११.

एक गोष्ट तिच्या लक्षात यायला वेळ लागेल, पण ती फार मोलाची आहे. पहिल्या प्रश्नात खणातल्या मोज्यांच्या संख्येने काहीच फरक पडत नाही. दहा-दहाऐवजी हजार-हजार मोजे असले तरी उत्तर तीनच. उत्तर ठरतं ते रंगांच्या संख्येवर. काळे, पांढरे आणि निळे असे तीन रंग असतील तर ४ मोजे, पाच रंग असतील तर ६. (प्रत्येक रंगाचे निदान दोन मोजे खणात आहेत असं धरलं आहे. एखाद्या रंगाचा एकच मोजा उरला असला तरी ही संख्या पुरतेच, त्याहून जास्त लागत नाही.) या तत्त्वाला आपण कबुतरखान्याचं तत्त्व म्हणतो: कबुतरं खुराड्यांपेक्षा जास्त असतील तर किमान एका खुराड्यात दोन कबुतरं असणारच. मोज्यांच्या प्रश्नात मोजे ही कबुतरं आणि रंग ही खुराडी. जन्ममहिन्यांच्या प्रश्नात मुलं ही कबुतरं आणि महिने ही खुराडी. जर्मन गणिती डिरिश्ले यांचं नाव या तत्त्वाला जोडलं जातं. १८३४ साली त्यांनी ते मांडलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कबुतरं नव्हती, खण होते. त्यामुळे मोज्यांचा खण हे उदाहरण मूळ कल्पनेच्या तसं जवळचंच आहे.

खुराडी कोणती हे ठरवणं हाच या प्रकारच्या गणिताचा गाभा आहे, आणि तो मोज्यांपेक्षा बुटांच्या उदाहरणात जास्त उघड होतो. मोज्याला डावा-उजवा नसतो, बुटाला असतो. समजा, सारख्याच मापाचे ५ काळे जोड आणि ५ पांढरे जोड, म्हणजे एकूण २० बूट अंधारात विखुरलेले आहेत. घालता येईल असा एक जोड, म्हणजे एकाच रंगाचा एक डावा आणि एक उजवा, हवा आहे. आता तीन बूट पुरत नाहीत, कारण तिन्ही डावे निघू शकतात. काम न होता जास्तीत जास्त किती बूट हातात असतील? काळ्यांपैकी फक्त डावे किंवा फक्त उजवे, म्हणजे जास्तीत जास्त ५. पांढऱ्यांचंही तसंच, ५. एकूण १०. म्हणून ११ बूट काढावे लागतात. आणि ११ का पुरतात तेही तपासून पाहा: अकरा बूट दोन रंगांत वाटले गेले म्हणजे एका रंगाचे किमान ६ झाले. त्या रंगाचे डावे पाचच आहेत, उजवेही पाचच. सहा बूट फक्त डावे किंवा फक्त उजवे असूच शकत नाहीत. मोज्यांचं उत्तर ३ आणि बुटांचं ११. प्रश्नातली वाक्यं जवळजवळ सारखीच आहेत, फरक पडला तो 'जोडी जमली' कशाला म्हणायचं यात.

आता तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं वहीतलं उत्तर. मी तिला हे असं लिहायला सांगेन:

"वर्षात १२ महिने असतात. समजा, कोणत्याही दोन मुलांचा जन्म एकाच महिन्यात झालेला नाही. म्हणजे प्रत्येक महिन्यात जन्मलेली मुलं जास्तीत जास्त १. बाराही महिन्यांची बेरीज केली तर एकूण मुलं जास्तीत जास्त १२ × १ = १२. पण वर्गात १३ मुलं आहेत. ही विसंगती आहे. म्हणून आपण मानलेली गोष्ट चुकीची आहे आणि किमान एका महिन्यात दोन किंवा अधिक मुलांचा जन्म झालेला आहे."

एवढंच. उत्तर लहान आहे म्हणून ते अपुरं आहे असं तिला वाटू देऊ नका. यात मुलांना आपण कोणत्याही क्रमाने उभं केलेलं नाही, कुणाला कोणता महिना दिला हेही मानलेलं नाही. फक्त 'कुठेच जोडी नाही' एवढं धरलं आणि मोजणी केली. म्हणून हा पुरावा वर्गाच्या प्रत्येक शक्य स्थितीला लागू पडतो.

पेपर तपासताना जे उत्तर सगळ्यांत जास्त दिसतं ते वेगळं असतं: "पहिल्या मुलाचा जन्म जानेवारीत, दुसऱ्याचा फेब्रुवारीत, असं करत बाराव्याचा डिसेंबरमध्ये. आता तेराव्यासाठी महिना उरला नाही, म्हणून सिद्ध." मुलाला कल्पना समजली आहे हे दिसतं, तरी पुरावा म्हणून यात भगदाड आहे. पहिली बारा मुलं वेगवेगळ्या महिन्यांतली आहेत हे कुणी सांगितलं? त्याने एकच स्थिती तपासली आणि बाकीच्या असंख्य सोडून दिल्या. 'ही सर्वांत वाईट स्थिती आहे' असं लिहिलं तरी ती सर्वांत वाईट का, हे सांगावं लागतं. ही पद्धत तिला आवडत असेल तर एका वाक्याने ती दुरुस्त होते: "पहिल्या १२ मुलांत कुणा दोघांचा महिना सारखा असेल तर काम झालं. तसं नसेल तर त्यांनी १२ वेगवेगळे महिने व्यापले, म्हणजे सगळेच. मग १३व्या मुलाचा महिना त्यांतल्या कुणाशी तरी जुळणारच." आता दोन्ही शक्यता तपासल्या गेल्या आणि पुरावा पूर्ण झाला. हा 'जुळले असतील तर' वाला भाग गाळला की गुण जातात, आणि जायलाच हवेत.

विधान काय सांगतं आणि काय सांगत नाही, हेही तिच्याकडून बोलून घ्या. 'किमान दोघं' म्हणजे नेमके दोघं नव्हेत. तेराही मुलं ऑगस्टमधली असतील तरी विधान खरंच आहे. कोणता महिना हे त्यातून कळत नाही, कोणती दोन मुलं हेही कळत नाही. 'माझ्या महिन्यात जन्मलेलं दुसरं कुणीतरी वर्गात आहे' असं तर अजिबातच नाही. हा गैरसमज फार वेळा होतो आणि मूल म्हणतं, "पण माझ्या वर्गात चाळीस जण आहेत आणि मार्चमधली मी एकटीच!" असू शकते. खात्री आहे ती कुठल्यातरी एका महिन्याची, ठरवून दिलेल्या महिन्याची नाही. मोज्यांमध्ये 'कुठली तरी जोडी' आणि 'काळीच जोडी' यांत ३ आणि १२ इतकं अंतर पडलं होतं, ते याच कारणाने. वर्गात तर 'मार्चचीच जोडी' कितीही मुलं घेतली तरी हमखास मिळत नाही, कारण मार्चमधली दोन मुलं वर्गात असलीच पाहिजेत असं कुठे आहे?

तत्त्व फक्त 'आहे' एवढं सांगतं, 'कोण' ते सांगत नाही, याचं एक जुनं उदाहरण डोक्यावरच्या केसांचं. माणसाच्या डोक्यावर साधारण एक ते दीड लाख केस असतात. आपण सढळ हाताने ५ लाखांची मर्यादा धरू. म्हणजे केसांची संख्या ० ते ५,००,००० यांपैकी काहीतरी, खुराडी ५,००,००१. बृहन्मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे मुंबईत डोक्यावर अगदी सारखेच केस असलेली दोन माणसं नक्की आहेत, आणि एकाचेही केस मोजायची गरज पडली नाही. ती दोघं कोण, हे मात्र कधीच कळणार नाही.

दुसरी गल्लत जास्त खोलवरची आहे आणि ती प्रत्यक्ष वर्गात प्रयोग केला की हमखास समोर येते. मुलांना एकेक करून महिना सांगायला लावा, फळ्यावरच्या चौकोनांत खुणा करा आणि पहिली जुळणी झाली की थांबा. तेराव्या मुलापर्यंत जायची वेळ जवळजवळ कधीच येत नाही. बाराही महिने सारखेच संभवनीय मानले तर पाच मुलांतच जुळणी होण्याची शक्यता सुमारे ६२ टक्के असते, आणि आठ मुलांपर्यंत ती ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. पहिली जुळणी सरासरी पाचव्या मुलाच्या आसपास होते. दोन-तीनदा असा प्रयोग पाहिला की मुलं म्हणतात, "मग तेरा कशाला? पाच-सहा पुरेत." इथे थांबून बोलायला हवं. पाच मुलांमध्ये जुळणी झाली तर ती बहुधा होणारी गोष्ट झाली. तेरा मुलांमध्ये ती न होणं अशक्यच आहे. बारा मुलं घेतली तरी सगळ्यांचे महिने वेगवेगळे निघण्याची शक्यता उरते, साधारण १८,६०० मध्ये एक. फार लहान आहे, पण शून्य नाही. तेराव्या मुलाबरोबर ती शून्य होते. 'सिद्ध करा' म्हटलं की या शून्याची मागणी असते. प्रयोगाने शक्यता कळते, खात्री मोजणीतूनच मिळते.

म्हणूनच तुमच्या मुलीला सांगा की १२ मुलांचा वर्ग दाखवणं हाही उत्तराचा अर्धा भाग आहे. 'कमीत कमी किती मुलं हवीत?' असा प्रश्न असेल तर दोन गोष्टी लिहाव्या लागतात: १३ पुरतात याचा पुरावा, आणि १२ पुरत नाहीत याचं एक उदाहरण. उदाहरण एकच लागतं, प्रत्येक महिन्यात एक मूल. तिने सुरुवातीला घेतलेली शंका इथे जशीच्या तशी कामी येते.

महिने सारखे संभवनीय मानल्याचं वर म्हटलं. पुराव्यात मात्र तसं काही मानलेलं नव्हतं, आणि आपल्याकडे याचं एक सुंदर उदाहरण आहे. महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना नक्की तारीख माहीत नसली की गुरुजी सत्राच्या तोंडावरची १ जून टाकून देत. आजीआजोबांच्या पिढीतल्या एखाद्या वर्गाचं हजेरीपत्रक काढलं तर जूनचा चौकोन गच्च भरलेला दिसेल. अशा वर्गात पाच मुलांत जुळणी होण्याची शक्यता ६२ टक्के राहत नाही, ती आणखी वाढते. शक्यतेचे आकडे वाटणीवर अवलंबून असतात. तेराची खात्री मात्र जागची हलत नाही, कारण कोणत्या महिन्यात किती जन्म होतात हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता.

खात्री हलते ती खुराडी बदलली तर. एखादी मुलगी म्हणाली, "आमच्याकडे वाढदिवस तिथीने करतात, मी मराठी महिना सांगणार," तर चैत्र ते फाल्गुन हेही बाराच महिने, काही बिघडत नाही. पण २०१२ मध्ये अधिक भाद्रपद आला होता. त्या महिन्यात जन्मलेलं मूल आपला महिना 'भाद्रपद' सांगणार की 'अधिक भाद्रपद'? दोन्ही एकच धरायचे ठरवलं तर खुराडी १२ आणि मुलं १३ पुरेत. अधिक भाद्रपद वेगळा मोजायचा ठरवलं तर खुराडी १३ झाली आणि तेरा मुलांची खात्री गेली, चौदावं मूल लागेल. मुलं वेगवेगळ्या वर्षांत जन्मलेली असतील तर वेगवेगळे अधिक महिने येऊ शकतात, आणि प्रत्येक नव्या अधिक महिन्यासोबत एकेक मूल जास्त लागेल. वर्गातली काही मुलं इंग्रजी महिना सांगत असतील आणि काही मराठी, तर खुराडी चोवीस किंवा त्याहून जास्त होतात. म्हणून मोजणीला हात घालण्याआधी खुराडी कोणती आणि किती, प्रत्येक कबुतर नेमक्या एकाच खुराड्यात बसतं ना, हे लिहून ठेवायचं. या प्रकारच्या गणितात चूक झाली की मी सगळ्यांत आधी तिथेच पाहतो.

आता वर्ग खऱ्या आकाराचा घेऊ. तुमच्या मुलीच्या वर्गात ४० मुलं असतील तर 'किमान दोघं' ही खात्री फारच कमी झाली, त्याहून जास्त सांगता येतं. पुरावा तोच, फक्त मर्यादा बदलते. समजा, प्रत्येक महिन्यात जास्तीत जास्त ३ मुलं आहेत. मग एकूण मुलं जास्तीत जास्त १२ × ३ = ३६. पण ४० आहेत. म्हणून एका तरी महिन्यात किमान ४ मुलं आहेत. पाच सांगता येतील का? नाही. चार महिन्यांत चार-चार आणि आठ महिन्यांत तीन-तीन मुलं ठेवली तर १६ + २४ = ४० होतात आणि कुठेच पाच नाहीत. त्यामुळे ४ हीच इथली हद्द.

मुलं इथे ४० ला १२ ने भागतात, ३.३३ येतं, आणि काही जण त्याचं ३ करून मोकळे होतात, कारण पूर्णांकात रूपांतर करताना जवळची संख्या घ्यायची सवय लागलेली असते. इथे भागाकार नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यायचा. कारण साधं आहे: दरमहा सरासरी ३.३३ मुलं असतील तर सगळेच महिने सरासरीच्या खाली असू शकत नाहीत. एका तरी महिन्यात ३.३३ किंवा जास्त मुलं हवीत, आणि मुलं पूर्ण संख्येतच असतात, म्हणून ४. भाग नीट जात असेल, म्हणजे समजा ३६ मुलं असतील, तर उत्तर ३ च राहतं, तिथे वर जायचं नाही. उलट बाजूने विचारलं, 'एका महिन्यात ४ मुलं हमखास हवीत तर वर्ग किती मोठा हवा?' तर ३७. तिथे पुन्हा मोज्यांवरचा तोच प्रश्न: काम न होता जास्तीत जास्त किती? प्रत्येक महिन्यात तीन, एकूण ३६. अधिक एक. मुलगी ४० च्या उत्तरापर्यंत चाचपडत आली असेल तर ३७ चं उत्तर तिला आपसूक सुचेल, आणि सुचलं की समजलं असं समजायला हरकत नाही.

तिला हे सगळं सोपं वाटू लागलं तर याच तेरा मुलांवरचा पुढचा प्रश्न द्या, ज्यात खुराडी आयती मिळत नाहीत. १३ मुलांच्या वर्गात काही मुलं एकमेकांची मित्र आहेत (मैत्री दोन्ही बाजूंनी धरायची). वर्गातल्या किमान दोघांची वर्गातल्या मित्रांची संख्या सारखी असणारच, हे सिद्ध करा.

पहिल्या फटक्यात तत्त्व हात टेकतं. एका मुलाला ० ते १२ मित्र असू शकतात, म्हणजे खुराडी १३, आणि मुलंही १३. एक कबुतर कमी पडतं. इथे तिला घाई करू देऊ नका. तिने त्या दोन टोकांकडे पाहावं यासाठी एवढंच विचारा, "ज्याला १२ मित्र आहेत तो कुणाकुणाचा मित्र आहे?" तो सगळ्यांचाच मित्र आहे. मग ० मित्र असलेलं मूल त्या वर्गात असू शकेल का? नाही, कारण त्याची बाराजणांच्या मित्राशी तरी मैत्री आहेच. म्हणजे ० चं खुराडं आणि १२ चं खुराडं एकाच वेळी भरलेलं असणं अशक्य आहे. कुणाला १२ मित्र असतील तर वापरात येणारी खुराडी १ ते १२, एकूण बारा. कुणालाच १२ मित्र नसतील तर ० ते ११, तीही बारा. दोन्ही स्थितींत खुराडी बारा आणि मुलं तेरा, म्हणून दोघांची मित्रसंख्या जुळते.

हेच १३ ऐवजी ४० मुलांसाठी लिहून बघायला सांगा. एकच गोष्ट तपासा: '० आणि ३९ एकत्र नांदू शकत नाहीत' हे वाक्य तिने स्वतःहून लिहिलं का.